तुपाच्या बरणीवरचा परवाना क्रमांक पुण्याचा आणि निर्मितीचा पत्ता साताऱ्याचा: यातून नेमके काय समजावे?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक गृहस्थ गावरान गाईचे तूप म्हणून ५०० मिलीच्या काचेच्या बरण्या विकतात आणि गेले काही महिने आम्ही बरीच मंडळी ते घेत आहोत. चवीबद्दल तक्रार नाही. परवा मात्र सासूबाईंनी चष्मा लावून मागचे लेबल वाचले आणि विचारले, की हे तूप साताऱ्याचे की पुण्याचे?

लेबलवर ‘मार्केटेड बाय’ असे लिहून एका फर्मचे नाव आहे, पण त्या नावापुढे पत्ता नाही. त्याखाली ‘निर्मिती’ असे लिहून फक्त गट क्रमांक, गावाचे नाव, ता. खंडाळा, जि. सातारा आणि ४१२ने सुरू होणारा पिनकोड दिला आहे. तिथे उत्पादकाचे नाव नाही. एफएसएसएआयचे चिन्ह छापलेले असून त्याखाली २१५१९ने सुरू होणारा १४ अंकी क्रमांक आहे. मी तो foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर FBO Search मध्ये घालून पाहिला, तेव्हा नाव मार्केटिंग करणाऱ्या फर्मचेच आले, परंतु पत्ता पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याचा निघाला. साताऱ्याचा कुठे उल्लेखही नाही. हे लेबल बनावट समजायचे, की असे असणे सर्वसाधारण आहे? घरात लहान मूल आहे, म्हणून नीट माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगावे.

बारकोड_तपासा

ताई, माझ्या मते हे सरळसरळ बनावट आहे आणि त्याला तीन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे सातारा जिल्ह्याचे पिनकोड ४१५ने सुरू होतात, ४१२ हा पुणे जिल्ह्याचा पिनकोड आहे. दुसरे, परवाना क्रमांकात १९ हे वर्ष दिसते, म्हणजे परवाना २०१९ सालचा असून तो केव्हाच संपलेला असणार. तिसरे आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तुम्ही बारकोडबद्दल काहीच लिहिलेले नाही. बारकोड ८९०ने सुरू होत असेल तर माल भारतात बनलेला आणि नोंदणीकृत आहे, एवढी खात्री तरी होते. मी कोणतेही पाकीट घेताना आधी तेच पाहतो.

लेबलकार

मी एका खाद्यपदार्थ कंपनीत लेबलांचा मजकूर तपासण्याचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बारकोड_तपासा यांनी पिनकोडकडे लक्ष वेधले हे चांगलेच केले, कारण गाव, तालुका आणि पिनकोड यांचा मेळ बसतो का हे पाहणे ही सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत उपयोगी तपासणी असते. इथे मात्र निष्कर्ष चुकला आहे. सातारा शहर, कराड, फलटण यांचे पिनकोड ४१५ने सुरू होतात हे खरे. पण त्याच जिल्ह्यातल्या शिरवळचा पिनकोड ४१२८०१ आहे, वाईचा ४१२८०३ आणि महाबळेश्वरचा ४१२८०६. खंडाळा तालुका त्याच पट्ट्यात येतो. तेव्हा लेबलवरचा हा पत्ता निदान आतून विसंगत नाही. पिनकोड टपाल खात्याच्या सोयीने पडलेले आहेत, जिल्ह्याच्या हद्दीने नव्हेत.

१९ या आकड्याचेही तसेच आहे. १४ अंकांतला पहिला अंक १ असेल तर परवाना आणि २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी १५. केंद्रीय परवाना असेल तर तिथे ०० येते. त्यानंतरचे दोन अंक क्रमांक दिला गेला ते वर्ष सांगतात, पुढचे तीन तो देणाऱ्या अधिकाऱ्याचे आणि शेवटचे सहा अनुक्रमाचे. मुदत वाढवून घेतली तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे २०१२ सालचा क्रमांक आजही पूर्णपणे चालू असू शकतो. परवाना चालू आहे की नाही हे क्रमांक वाचून कळत नाही. त्यासाठी संकेतस्थळावर त्या नावापुढे दिसणारी स्थितीच पाहावी लागते. मृण्मयीताई, ती स्थिती काय होती ते तुम्ही लिहिलेले नाही.

आता मूळ प्रश्न. परवाना किंवा नोंदणी ही फर्मच्या नावाबरोबर एका विशिष्ट जागेला दिलेली असते. एकाच मालकाचे दोन कारखाने असतील तर दोन वेगळे क्रमांक असतात. तुम्हाला सापडलेला क्रमांक हवेलीतल्या जागेचा आहे, म्हणजे तो खंडाळ्यातल्या निर्मितीचा असूच शकत नाही. यात लगेच लबाडी आहे असे मात्र नाही. बाजारातला पुष्कळ माल एक जण बनवतो आणि दुसरा आपल्या नावाने विकतो, आणि ते कायद्याला मान्य आहे. लेबलिंगच्या २०२०च्या विनियमांनुसार चिन्हाबरोबर ब्रँडच्या मालकाचा क्रमांक आणि त्याचे नाव व संपूर्ण पत्ता यायला हवा, आणि बनवणारा किंवा भरणारा दुसरा कोणी असेल तर त्याचेही नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’, ‘पॅक्ड बाय’ अशा शब्दांसह द्यायला हवा. तुमच्या बरणीवर विकणाऱ्याचे नाव आहे पण पत्ता नाही, आणि बनवणाऱ्याचा पत्ता आहे पण नाव आणि क्रमांक नाही. लेबल अपुरे आहे, एवढे आजच निश्चित म्हणता येते. तूप बनावट आहे असे यावरून म्हणता येत नाही.

बारकोडबद्दल थोडक्यात: ८९० म्हणजे तो क्रमांक भारतातील जीएस१ या संस्थेकडून घेतलेला आहे, इतकेच. माल कुठे बनला याच्याशी किंवा अन्न परवान्याशी त्याचा संबंध नाही.

आता दोन गोष्टी करा. त्या क्रमांकापुढे View Products असे दिसते ते उघडून हवेलीच्या फर्मला कोणत्या व्यवसायाची आणि पदार्थांची नोंदणी आहे ते पाहा, आणि विक्रेत्याकडून उत्पादकाचा परवाना क्रमांक मागून घ्या.

पापडवाली_नाशिक

लेबलकार, तुमचे लिखाण वाचून माझाही प्रश्न विचारावासा वाटला. मी घरी उडदाचे पापड आणि नागलीचे पापड करते आणि दोन दुकानांत ठेवते. माझी नोंदणी आहे आणि क्रमांक २नेच सुरू होतो, पण पाकीट छापणाऱ्याने त्याच्या ठरलेल्या साच्याप्रमाणे ‘लायसन्स नंबर’ असे छापले. आता हा धागा वाचून गिऱ्हाईक म्हणेल की हिच्याकडे परवाना नाही आणि ही खोटे छापते. मला परवाना काढावा लागेल का? आणि पाकिटावर घरचा पत्ता पूर्ण छापायलाच हवा का? घरी कोणीही येऊन उभे राहील याची थोडी भीती वाटते.

लेबलकार

पापडवालीताई, तुमच्यासारख्या लहान घरगुती उत्पादकासाठी नोंदणी हीच योग्य पायरी आहे. क्रमांक २ने सुरू होणे यात कमीपणा काही नाही. पुढच्या वेळी छपाई करून घेताना शब्द दुरुस्त करून घ्या. १४ अंक बरोबर असतील तर शोधणाऱ्याला तुमचे नाव सापडतेच. पत्ता मात्र पूर्णच लागतो. ग्राहकाला आणि अधिकाऱ्याला त्या जागेपर्यंत पोहोचता यावे, एवढ्यासाठीच तो छापायचा असतो, आणि वैधमापनाच्या आवेष्टित वस्तू नियमांनाही तो हवाच असतो. पत्ता आणि पिनकोड नोंदणीपत्रावर आहेत तसेच्या तसे छापा, म्हणजे तुमच्यावर मृण्मयीताईंसारखा प्रश्न कोणी विचारणार नाही.

निवृत्त_निरीक्षक

लेबलकार यांचे विवेचन अचूक आहे. माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून त्यात एक मोठी मर्यादा जोडतो, कारण ती लक्षात न घेता लोक संकेतस्थळावर नाव दिसले की निश्चिंत होतात.

संकेतस्थळ एवढेच सांगते की अमुक क्रमांक अमुक जागेला दिलेला आहे. तुमच्या हातातले पाकीट त्याच जागेतून निघाले, हे ते सांगू शकत नाही. नकली माल बनवणारा नवा क्रमांक कल्पनेने कशाला लिहील? तो अस्सल पाकीट समोर ठेवून नाव, पत्ता, क्रमांक सारे उतरवून घेतो. एका गोदामात आम्हाला एका परिचित ब्रँडच्या मसाल्याची पाकिटे सापडली, त्यांवरचा पत्ता, पिनकोड आणि परवाना क्रमांक एकही अंक न चुकता बरोबर होता. शंका आली ती बॅच क्रमांकावरून. अस्सल पाकिटावर बॅच, तारीख आणि किंमत हा मजकूर माल भरताना वेगळ्या यंत्राने उमटवतात. तो ठिपक्याठिपक्यांचा असतो, कधी थोडा तिरका पडतो, आणि बोट घासले की किंचित पुसटतोसुद्धा. या पाकिटांवर तो मजकूर बाकीच्या लेबलबरोबर त्याच शाईत सुबक छापून आलेला होता, आणि गोदामातल्या सगळ्या पाकिटांवर बॅच एकच होती. छापखान्यात हजारो पाकिटांवर एकच तारीख छापून ठेवणाऱ्याला आपण माल कधी भरणार हे आधीच ठाऊक असते, असे तर होणार नाही ना?

म्हणून क्रमांक जुळला नाही तर संशय घ्यायला जागा आहे; पण क्रमांक जुळला म्हणजे अस्सलपणा सिद्ध झाला असे नाही. आणखी एक. लेबलवरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून खात्री करून घेऊ नये, कारण लेबलच खोटे असेल तर तो क्रमांकही त्याच माणसाचा असायचा. उत्पादकाचा क्रमांक दुसऱ्या कुठून तरी मिळवावा.

मृण्मयीताई, तुमच्या बरण्यांवर बॅच क्रमांक आहे का, आणि वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या बरण्यांवर तो बदलतो का?

मृण्मयी_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे पाहिले आणि काही गोष्टी उलगडल्या, काही अधिक गुंतल्या.

हवेलीच्या फर्मची स्थिती Active आहे. तिच्या नावापुढे व्यवसाय म्हणून केवळ किरकोळ विक्री दिसते, निर्मिती नाही आणि भरणेही नाही. विक्रेत्याला विचारल्यावर त्यांनी थोड्या नाराजीनेच खंडाळा तालुक्यातल्या एका डेअरीच्या परवान्याचा फोटो पाठवला. तो क्रमांक ११५ने सुरू होतो. शोधल्यावर डेअरीचे नाव आले, गाव आणि गट क्रमांक बरणीवरच्या पत्त्याशी तंतोतंत जुळले आणि स्थितीही Active आहे. मला हायसे वाटले, पण View Products उघडल्यावर दुग्धजन्य पदार्थांच्या यादीत दूध, दही, पनीर एवढेच दिसले. तूप नाही! म्हणजे डेअरी खरी, पण तिला तूप बनवण्याची परवानगीच नाही, असे समजावे का?

बॅचबद्दल: माझ्याकडे तीन रिकाम्या बरण्या होत्या. तिघींवर बॅच क्रमांक बी-७ असाच आहे आणि तारीख पेनने लिहिलेली आहे, ती मात्र वेगवेगळी आहे.

लेबलकार

थांबा, घाईने निष्कर्ष काढू नका. एफएसएसएआयच्या पदार्थ वर्गीकरणात तूप दुग्धजन्य पदार्थांच्या गटात येत नाही, ते स्निग्ध पदार्थ आणि तेलांच्या गटात लोण्याबरोबर येते. दुधाच्या गटाची यादी पाहून पुष्कळ जण असेच फसतात. यादीत खाली जाऊन तेलांचा गट पाहा.

मृण्मयी_ठाणे

तुमचे बरोबर आहे. तेलांच्या गटात लोणी आणि तूप दोन्ही आहेत. माझ्या तर ते मनातही आले नसते.

शिरवळकर

मी त्याच भागात राहतो. डेअरीचे नाव इथे लिहू नये, म्हणून मृण्मयीताईंना निरोपातून विचारून घेतले. ही डेअरी आमच्याकडे चांगली परिचित आहे आणि तिच्या दुधाच्या पिशव्या गावातल्या दुकानांत मिळतात. निरीक्षक काका म्हणाले ते पटले, म्हणून बरणीवरचा फोन सोडून पिशवीवर छापलेला ग्राहक सेवेचा क्रमांक ताईंना पाठवला आहे. आमच्या गावचे नाव वापरून कोणी काहीही विकत असेल तर ते आम्हालाही कळलेच पाहिजे.

मृण्मयी_ठाणे

त्या क्रमांकावर बोलणे झाले. पलीकडचे गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलले. ते तूप बनवतात, पण काचेच्या बरणीत भरत नाहीत. त्यांचे तूप १५ किलोच्या डब्यांत जाते आणि निरनिराळे व्यापारी ते घेतात. हवेलीच्या फर्मने पूर्वी डबे नेलेले आहेत, अलीकडे किती नेले ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही ताणून विचारले नाही. आपला पत्ता कोणाच्या बरणीवर छापला आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि बी-७ ही त्यांची बॅच लिहिण्याची पद्धतच नाही.

लेबलकार

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. हवेलीची फर्म डबे आणून तूप स्वतःच बरणीत भरते. मग लेबलवर ‘पॅक्ड बाय’ म्हणून तिचाच पत्ता यायला हवा होता, आणि तिच्या नोंदणीतही केवळ विक्री न राहता पुन्हा भरण्याचा व्यवसाय असायला हवा होता. डबा उघडून तूप बरणीत ओतले की मूळ उत्पादकाची बॅच तिथेच तुटते. म्हणून भरणाऱ्याने आपली बॅच देऊन ती कोणत्या डब्यातून भरली याची नोंद ठेवायची असते. तीन महिन्यांच्या बरण्यांवर एकच बी-७ म्हणजे अशी नोंद नाही. उद्या एखाद्या बरणीत दोष निघाला तर परत मागवायच्या कोणत्या?

तरीही मला यात फसवणुकीपेक्षा अज्ञान अधिक दिसते. लहान विक्रेते लेबल कोणाकडून तरी करून घेतात आणि गावाचे नाव असले की माल खपतो म्हणून उत्पादकाचा पत्ता ठळक टाकतात.

निवृत्त_निरीक्षक

इथे माझा मतभेद नोंदवतो. ज्याने उत्पादकाचा पत्ता गट क्रमांकासह छापला, त्याला उत्पादकाचे नाव ठाऊक होते. ते वगळले की ग्राहकाला थेट डेअरीला विचारता येत नाही, आणि स्वतःचा पत्ता वगळला की भरण्याच्या जागेपर्यंत कोणी पोहोचत नाही. दोन्ही वगळणे एकाच वेळी अज्ञानाने झाले, हे मला पटत नाही. शिवाय डब्यातले तूप जसेच्या तसे बरणीत आले की त्यात आणखी काही मिसळले, हे आता कोणतेही लेबल सांगू शकणार नाही. त्यासाठी नमुनाच तपासावा लागेल.

बारकोड_तपासा

पिनकोडबद्दल मी चुकलो हे मान्य. पण मग सामान्य माणसाने करायचे काय? दुकानात उभे राहून एवढे सगळे कोण शोधणार? आणि तुपाची परीक्षा घरी आयोडीन टाकून करता येते असे ऐकले आहे, ते करून पाहावे का?

निवृत्त_निरीक्षक

आयोडीनने निळा रंग आला तर पिष्ट मिसळल्याचे कळते. तुपात वनस्पती किंवा दुसरे तेल मिसळले असेल तर आयोडीनला त्याचा पत्ता लागणार नाही आणि तुम्ही विनाकारण निर्धास्त व्हाल. तेव्हा त्यावर विसंबू नका.

दुकानात उभे राहून मी स्वतः एवढेच पाहतो, की बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि क्रमांक ही तिन्ही एकत्र आहेत का. तिन्ही असतील तर बाकीचे घरी शोधता येते. एखादे गाळले असेल तर मी वस्तू परत ठेवतो.

मृण्मयीताई, तुम्हाला तक्रार करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर किंवा Food Safety Connect वर करता येईल. लेबलच्या चारही बाजूंचे स्पष्ट फोटो, तिन्ही बरण्यांचे बॅच आणि तारखा, ग्रुपवरचा विक्रीचा संदेश आणि पैसे दिल्याची नोंद जोडा. डेअरीच्या माणसाचे बोलणे पुरावा म्हणून न लिहिता, ‘चौकशी व्हावी’ एवढेच लिहा. स्वतः नमुना तपासून घ्यायचा असेल तर २००६च्या कायद्याच्या कलम ४०नुसार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण त्यासाठी खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. घरात उघडलेली बरणी त्यासाठी उपयोगाची नाही.

मृण्मयी_ठाणे

तक्रार आज सकाळी दाखल केली आणि तिचा क्रमांकही मिळाला. ग्रुपवर मी कोणावरही आरोप न करता लेबलचा फोटो टाकला आणि तीन प्रश्न लिहिले: भरणाऱ्याचा पत्ता कोणता, त्याची नोंदणी भरण्यासाठी आहे का आणि बॅच बदलत का नाही. विक्रेत्यांनी पुढच्या खेपेपासून नवे लेबल लावू असे उत्तर दिले; बॅचच्या प्रश्नाला उत्तर आलेले नाही. शेजारच्या दोघींनी आपल्याकडच्या न उघडलेल्या बरण्या तशाच बाजूला ठेवल्या आहेत.

शिरवळकर

ताई, नवे लेबल आले की त्याचाही फोटो इथे टाका. डेअरीच्या लोकांनाही मी प्रत्यक्ष जाऊन हे सांगितले आहे. बरणीवरून आपला पत्ता काढायला लावायचा, की नावासह नीट छापायला लावायचा, यावर त्यांचे अजून ठरलेले नाही.